दुकानाच्या मालकांना पत्र लिहायचंय : गळती आणि भाडं, दोन्ही एकाच पत्रात घालू का?

कागदवाला
मंडळी, सांगलीत मारुती चौकाजवळ माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. ३२० चौरस फूट, भाडं महिना २४,०००, लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेलं, ३६ महिन्यांचं, त्यातलं पहिलं वर्ष आता संपतंय. दरवर्षी ५ टक्के वाढ आहे, म्हणजे १ ऑक्टोबरपासून २५,२०० होणार.
प्रॉब्लेम असा की मागच्या बाजूला स्लॅबमधून पाणी ठिबकतंय. वर मालकांचाच फ्लॅट आहे, तो त्यांनी कॉलेजच्या चार पोरांना दिलाय आणि बाथरूम बरोब्बर माझ्या पेपरच्या रॅकवर. साधारण ८० चौरस फूट जागा मी रिकामी केलीये, छताचा गिलावा पडतोय आणि ट्यूबलाइटची पट्टी ओली होते.
काकांना तोंडी सांगून झालं. "बघतो रे" म्हणतात. माणूस वाईट नाही हो, २०१९ च्या पुरात दुकान पाण्यात गेलं तेव्हा त्यांनी स्वतःहून दोन महिन्यांचं भाडं सोडलं होतं. म्हणून भांडायचं नाहीये पण लेखी द्यायचंय. हे लिहिलंय, बघा :

"महोदय, आपल्या दुकानाची अत्यंत दयनीय अवस्था झाली असून आपण वारंवार सांगूनही जाणूनबुजून दुर्लक्ष करत आहात. माझ्या मालाचे अपरिमित नुकसान झाले आहे. तरी आपण त्वरित दुरुस्ती करून भाडे कमी करावे, अन्यथा मला कायदेशीर कारवाई करावी लागेल. कळावे, लोभ असावा."

चहाटळ
कायदेशीर कारवाई आणि लगेच लोभ असावा 😂 काकांनी नेमका लोभ कशावर ठेवायचा तेही कळवा

गिरगावकर
एवढं पत्रबित्र काय लिहिता, सरळ दुरुस्ती करून घ्या आणि भाड्यातून कापा. कायद्यातच आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. मालकाला १५ दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतरही त्यानं वाजवी वेळात केलं नाही तर आपण करायचं, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत वळतं करता येतं. आमच्या चाळीत सगळ्या दुकानदारांनी मिळून जिन्याचं आणि ड्रेनेज लाइनचं काम असंच केलं, बिलं जपून ठेवली, मालक काही करू शकला नाही.

सोनचाफा
मला पण हाच त्रास. डिपॉझिट परत देत नाहीयेत, रंगाचे पैसे कापणार म्हणतात. टू बीएचके आहे. काय करू?

चहाटळ
@सोनचाफा ताई तुमचं गळणं वेगळं, खिशातून आहे. नवीन धागा काढा, येतो तिकडे.

वकिलीणबाई
गिरगावकर, तुमचं तुमच्या जागेपुरतं बरोबर आहे. तुम्ही पागडीचे भाडेकरू असणार. कागदवाला भाडेकरू नाहीत, लायसन्सी आहेत. कलम १४ मध्ये शब्द भाडेकरू असा आहे, त्यामुळे त्यांनी त्याच्या जोरावर भाडं कापलं तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल की हे कलम तुम्हाला लागूच नाही आणि तुम्ही पैसे थकवलेत. बऱ्याच कमर्शियल करारात दोन महिने थकले की लायसन्स रद्द असं असतं. मग गळती राहिली बाजूला आणि तुम्ही थकबाकीदार.
कागदवाला, करार काढा आणि दुरुस्तीचं कलम जसंच्या तसं इथं टाका. तुमची बाजू तिथं आहे.

गिरगावकर
पण बाई, कागदावर लीव्ह लायसन्स लिहिलं तरी प्रत्यक्षात भाडेकरूच असतो असं कोर्टानं किती वेळा म्हटलंय.

वकिलीणबाई
म्हटलंय, पण ते सिद्ध करायला दिवाणी दावा चालवावा लागतो. त्यांना पेपरच्या रॅकवरचं पाणी थांबवायचंय.

कागदवाला
करारात असं आहे : "दैनंदिन व किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने स्वखर्चाने करावी. इमारतीची, छताची, भिंतींची व ड्रेनेजची मोठी दुरुस्ती लायसन्सरने करावी." भाडं कमी करण्याबद्दल काहीच नाही. आणि हो, तीन महिन्यांचं भाडं थकलं तर रद्द, असंही आहे.

वकिलीणबाई
झालं तर मग. ड्रेनेज आणि छत दोन्ही शब्द आहेत, याच्यापेक्षा चांगलं काय हवं. पत्रात हे वाक्य अवतरण चिन्हात घाला, कलमाचा नंबर घाला. "कायदेशीर कारवाई" हे शब्द काढा, त्यानं जोर येत नाही उलट माणूस वकिलाकडे जातो आणि मग तुमच्याशी बोलायचाच बंद होतो.

बांधकाम्या
मी साइटवरचा माणूस, पत्रातलं कळत नाही, पण पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय पत्र लिहूच नका. "गळतंय" लिहिलं की मालक खालून गिलावा करून वर रंग मारून देणार, आणि दोन महिन्यांनी परत तेच. आधी हे सांगा, पाणी दिवसभर सारखं येतं की पोरांच्या आंघोळी झाल्यावर येतं? सारखं येत असेल तर नळाची प्रेशरची लाइन फुटलीय. आंघोळीनंतर वाढून दुपारी कमी होत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा फरशी. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, बाथरूमचा काही संबंध नाही.

कागदवाला
सकाळी ८ ते ११ जोरात. दुपारी थेंबथेंब. कॉलेजला सुट्टी असली की जवळजवळ बंद.

बांधकाम्या
मग वापराचंच पाणी आहे. आता पोरांना चहा पाजा आणि त्यांच्या परवानगीनं एक करा. नहाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबायचं, बाथरूमच्या फरशीवर दोन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची आणि २४ तास सोडून द्यायचं. पाण्यात थोडा रंग टाकला तर अजून बरं. पाणी तसंच साठलेलं असताना खाली ठिबकलं तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं बाथरूम उखडावं लागेल. पाणी जागेवर राहिलं, खाली कोरडं आणि बोळा काढल्यावर लगेच ठिबकलं, तर ट्रॅपचा जॉइंट किंवा पुढचा पाइप. ते लहान काम आहे.
आणि खाली स्लॅबला काठीनं ठोकून बघा. भदभद आवाज आला तर गिलावा सुटलाय. सळई दिसतीये का, गंजलीये का? दिसत असेल तर ते वेगळं काम, गंज साफ करून पॉलिमर मॉर्टर मारावं लागतं, साध्या सिमेंटनं झाकलं तर आतली सळई फुगत राहते आणि परत पडतं.

घरमालक५६
मालकाच्या बाजूनं पण कुणीतरी बोला. माझे दोन गाळे आहेत भाड्यानं. भाडेकरूचं पत्र आलं आणि त्यात भाडं कमी करा हे शब्द दिसले की दुरुस्तीचं आम्ही वाचतच नाही, खरं सांगतो. डोक्यात एकच येतं, आज कमी केलं तर उद्या दुसरा पण मागेल आणि पुढचा करार याच आकड्यावरून सुरू होईल. कागदवाला, ते भाड्याचं काढून टाका, नुसती दुरुस्ती मागा.

सदाशिवपेठी
असहमत. दुरुस्ती मागायची आणि ८० फुटाचं भाडं भरत बसायचं, मग मालकाला घाई कशाला असेल? भाडं हाच एक आकडा त्याला समजतो. २४,००० भागिले ३२० म्हणजे फुटाला ७५, गुणिले ८० म्हणजे महिना ६,०००. हे पत्रात स्पष्ट लिहा. भीक नाही, हिशेब आहे.

घरमालक५६
हिशेब आहे पण करारात तो हक्क आहे का? त्यांनीच सांगितलं नाही म्हणून.

सदाशिवपेठी
करारात नाही म्हणजे मागायचं नाही असं कुठं लिहिलंय.

न्यूजर्सीकर
माझा पुण्यात गाळा आहे म्हणून लिहितो. आमचा लायसन्सी रात्री दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर तीस फोटो टाकतो, खाली एक ओळ "सर धिस इज टू मच". कुठला फोटो कुठला, कधीचा, काही पत्ता लागत नाही. तुम्ही चारच फोटो लावा, मागे तारीख आणि जागा लिहा, आणि कामाचं कोटेशन सोबत जोडा. मालकाला निर्णय घ्यायला आकडा लागतो हो, अवस्था दयनीय आहे हे वाचून मी इथून काय करणार.

चहाटळ
"सर धिस इज टू मच" हे माझ्या बायकोला दाखवलं, ती म्हणाली हेच मी रोज म्हणते.

मिरजेचा_मामा
अरे कागदवाल्या, काका म्हणतोस आणि महोदय लिहितोस? आपल्याकडं वयस्कर माणसाला असलं पत्र आलं की तो ते पत्र घेऊन गल्लीभर फिरतो, बघा मी पुरात याला सांभाळला आणि यानं मला महोदय केलं. पुराचं पहिल्याच ओळीत लिही. आणि पोस्टानं आधी पाठवू नको, हातात नेऊन दे, सोबत बस, चहा घे.

वकिलीणबाई
मामा, हातात द्यावं हे मान्य, पण दोन प्रती नेऊन एका प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही घ्यायची. सही द्यायला कां कू केली तर दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं. आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तिथं पोचपावतीची सोय मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. पुराचं लिहा, पण एकाच वाक्यात. उपकाराचा पाढा वाचला की पुढची मागणी मवाळ होते.
भाड्याबद्दल माझं मत दोघांच्या मधलं आहे. एकाच पत्रात लिहा पण वेगळ्या परिच्छेदात. दुरुस्ती कराराप्रमाणे करावी, तिथं विनंती शब्द नको. भाड्याची विनंती, तिथं हक्क शब्द नको. दोन्ही एका वाक्यात आले की काका सोपं तेवढं उचलून नाही म्हणतील. आणि "भाडं कमी करा" असं मोघम नको, काम पूर्ण होईपर्यंत सवलत द्या असं लिहा. मुदत दिसली की घरमालक५६ म्हणतात ती भीती राहत नाही.

घरमालक५६
हे जमेल. मला कुणी असं लिहिलं असतं की ऑक्टोबरची वाढ काम होईपर्यंत थांबवा, तर मी हो म्हटलं असतं. वाढ थांबवणं आणि कमी करणं यात खिशाला फरक कमी, मनाला फार.

सदाशिवपेठी
१,२०० ची वाढ थांबवून ६,००० चं नुकसान कसं भरतं ते समजवा.

कागदवाला
टेस्ट केली! पोरं चांगली निघाली, एकानं स्वतः फडकं कोंबलं. २४ तास पाणी राहिलं, खूण जवळपास तिथंच, खाली नवीन थेंब नाही. बोळा काढला आणि थोड्याच वेळात रॅकच्या वर धार. ठोकल्यावर साधारण चार फूट बाय तीन फूट भदभद वाजतंय, एके ठिकाणी सळई दिसते, तांबूस झालीय.
प्लंबरनं दोन कोटेशन दिली. अख्खं बाथरूम उखडून वॉटरप्रूफिंग ३८,०००. फक्त ट्रॅपभोवतीची फरशी काढून ट्रॅप बदलणे, जॉइंट पॅक करणे आणि तेवढ्यापुरतं वॉटरप्रूफिंग १४,०००. खालच्या स्लॅबचं ९,००० वेगळं.
आणि काका का टाळतायत तेही पोरांकडून कळलं. बाथरूम एकच आहे, आठ दिवस बंद ठेवलं तर पोरं खोली सोडतील ही त्यांना भीती.

बांधकाम्या
१४,००० चं काम करा, ३८,००० ची गरज टेस्टमध्ये दिसली नाही. ट्रॅपच्या कामाला बाथरूम तीन-चार दिवस बंद राहील. मग परत तीच २४ तासांची टेस्ट, आणि बोळा काढल्यावरही खाली कोरडं राहिलं तरच खालचं स्लॅबचं काम. स्लॅब आधी पूर्ण वाळू द्या, ओल्यावर केलेला पॅच धरत नाही. तोपर्यंत ती ट्यूबची पट्टी काढून टाका, लाइन एमसीबीवरून बंद. हे पत्र देण्याच्या आधी करा, आज.

मिरजेचा_मामा
दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावाला जातील की. तेव्हा करायला सांग.

वकिलीणबाई
मामांनी प्रश्नच सोडवला. पत्रात तारीख तुम्हीच सुचवा. त्यांची अडचण तुम्हाला माहीत आहे हे दिसलं की नाही म्हणायला कारण उरत नाही. मात्र पाहणीची तारीख आधीची ठेवा, नाहीतर दिवाळीची होळी होईल.
आणखी एक. खराब झालेल्या कागदाची भरपाई या पत्रात मागू नका, पण "त्याबाबतचे माझे म्हणणे राखून ठेवतो" एवढी ओळ घाला.

कागदवाला
रात्री बसून लिहिलं. हे बघा.

"दि. १० सप्टेंबर
विषय : दुकानाच्या मागील भागातील गळतीची दुरुस्ती व भाडेवाढीबाबत विनंती

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार. २०१९ च्या पुरात आपण न मागता दोन महिन्यांचे भाडे सोडलेत, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे पत्र पोस्टाने न पाठवता स्वतः घेऊन येत आहे.

जूनपासून दुकानाच्या मागील भागात छतातून पाणी येत आहे. वरच्या फ्लॅटमधील मुलांच्या परवानगीने बाथरूममध्ये २४ तास पाणी साठवून पाहिले. ट्रॅप बंद असताना गळती झाली नाही, उघडल्यावर लगेच झाली. त्यामुळे दोष नहाणी ट्रॅपच्या जोडणीत असावा असे प्लंबरचे म्हणणे आहे. खाली छताचा गिलावा सुटला असून एके ठिकाणी सळई उघडी पडली आहे. विजेची पट्टी ओली होत असल्याने मी ती लाइन बंद ठेवली आहे. चार फोटो व दोन्ही कामांची कोटेशन सोबत जोडली आहेत.

आपल्या करारातील कलम ९ प्रमाणे 'इमारतीची, छताची, भिंतींची व ड्रेनेजची मोठी दुरुस्ती लायसन्सरने करावी' असे ठरले आहे. त्यानुसार ट्रॅपचे काम (रु. १४,०००) व त्यानंतर छताचे काम (रु. ९,०००) आपण करून घ्यावे. २५ सप्टेंबरपर्यंत आपण सोयीच्या वेळी येऊन पाहणी करावी. ट्रॅपच्या कामाला बाथरूम तीन-चार दिवस बंद ठेवावे लागेल, त्यामुळे मुले दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर ते करता येईल. प्लंबर आपल्या पसंतीचा असला तरी चालेल. आपल्याला धावपळ शक्य नसल्यास, आपल्या लेखी संमतीने मी काम करून घेईन व बिलाप्रमाणे रक्कम पुढील चार महिन्यांच्या भाड्यात समान वळती करू.

दुसरी एक विनंती. ३२० पैकी सुमारे ८० चौरस फूट जागा मला वापरता येत नाही. भाड्याच्या हिशेबाने ती महिना रु. ६,००० ची होते. १ ऑक्टोबरपासूनची ५ टक्के वाढ काम पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवावी, आणि त्या काळात भाड्यात जी सवलत आपल्याला योग्य वाटेल ती द्यावी. काम पूर्ण झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून करारातील वाढीव भाडे मी देईन. आपला निर्णय होईपर्यंत सध्याचे भाडे नेहमीप्रमाणे ५ तारखेला जमा करीत राहीन.

मालाच्या नुकसानीबाबतचे माझे म्हणणे राखून ठेवतो. आपले उत्तर लेखी मिळावे.
आपला,"

सदाशिवपेठी
"जी सवलत आपल्याला योग्य वाटेल ती" 🤦 आकडा सांगून परत सोडून दिलात. ३,००० तरी मागा.

गिरगावकर
चार महिन्यांत वळती करणं म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच की.

वकिलीणबाई
तेच, फक्त "लेखी संमतीने" हे दोन शब्द जास्त आहेत. :) एक दुरुस्ती : सध्याचं भाडं म्हणजे २४,००० की २५,२००? १ ऑक्टोबरच्या आत उत्तर नाही आलं तर वाढीव भाडं भरा आणि पावतीवर "विनंती प्रलंबित" लिहा. पत्रातही तसं बदला. सवलतीच्या आकड्यावर सदाशिवपेठींशी मी सहमत आहे, या धाग्यावर पहिल्यांदाच.

चहाटळ
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

कागदवाला
दोन्ही बदल केले, सवलत ३,००० लिहिली. काल देऊन आलो. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, फोटो बघितले, म्हणाले सळई दिसतीये हे तू आधी का नाही दाखवलंस. प्रतीवर सही दिली. ट्रॅपच्या कामापुढं पेननं "मान्य, दिवाळीत" लिहिलं, वाढ स्थगितीपुढं "मान्य". ३,००० पुढं काहीच लिहिलं नाही, म्हणाले मुलाला विचारून सांगतो. छताच्या ९,००० वर म्हणाले ते किरकोळ आहे, तू कर.

घरमालक५६
छताचं किरकोळ कसं, करारात छत लिहिलंय. पण मुलाला विचारतो म्हणजे नाही समजा.

वकिलीणबाई
छताचं सोडू नका. उद्याच चार ओळी लिहून द्या : आज आपण अमुक अमुक मान्य केलंत, छताचं काम कलम ९ मध्ये येतं, त्याबद्दल उत्तराची वाट पाहतो. तोंडी "तू कर" ला तुम्ही गप्प राहिलात तर तेच ठरलं असं होईल.

बांधकाम्या
आणि दिवाळीत काम होईल तेव्हा ट्रॅप बसवताना स्वतः वर जाऊन उभा रहा. फरशी लावण्याआधी पाणी भरून बघितल्याशिवाय प्लंबरला पैसे देऊ देऊ नका काकांना.

सोनचाफा
माझ्या डिपॉझिटचा धागा काढला आहे, कुणी आलंच नाही तिकडे.